भिंतीवरचं लिखाण उतरवताना: अक्षर कुठे संपतं आणि डाग कुठे सुरू होतो

प्रश्न: चोपड्यातल्या एका गल्लीचा फोटो आहे. बंद जिनिंगच्या भिंतीवर पत्र्याचा साचा ठेवून रंग मारलेली एकच सूचना तीनदा आहे. तिच्याखाली कोळशाने काहीतरी लिहिलंय, शेजारी बदाम आणि बाण, आणि चुन्याखाली जुनी जाहिरात पुसट दिसतेय. यातलं ‘मजकूर’ म्हणून काय काय धरायचं? शुद्धलेखनाच्या चुका तशाच ठेवायच्या की सुधारायच्या?

उत्तर: भाऊ, फोटो मोठा करून बघितला. आधी मजकुराचं बोलू, कारण चुकांचा प्रश्न त्यानंतरच येतो.

मी एकच कसोटी लावतो: लिहिणाऱ्याने तिथे अक्षर किंवा अंक काढला आहे का? काढला असेल तर तो मजकूर, मग तो कोळशाने असो, खिळ्याने खरवडलेला असो की पिचकारीच्या रंगाचा. म्हणून बदामाच्या आत जी दोन अक्षरं आणि मधलं अधिकचं चिन्ह आहे, त्यांच्याभोवती फोटोवर चौकट आखून ती उतरवून घ्या. बदाम आणि बाण सोडून द्या. उजवीकडे खाली विटेने ओढलेल्या तीन उभ्या रेघा म्हणजे पोरांचे स्टंप, ‘१११’ नव्हे. त्यांच्यावर आडवी बेल काढलेली दिसतेय, म्हणून एवढं ठामपणे सांगतो. निवडणुकीचं चिन्ह असतं तर तेही वगळलं असतं, पण त्याखालचं नाव घेतलं असतं. ‘ॐ’ मी घेतो, स्वस्तिक घेत नाही. यावर वाद होऊ शकतो. तुमच्या गटाने काहीही ठरवा, पण सगळ्या फोटोंना तेच लावा.

मजकूर आहे हे कळतंय पण वाचता येत नाही, अशी जागा वगळू नका. चौकट करा आणि आत `###` टाका. संगणकाकडून लिखाण वाचून घेण्यावर आयसीडीएआर ही परिषद भरते, तिच्या २०१५ च्या स्पर्धेतल्या फोटोंपासून ही खूण रूढ आहे. तिचा अर्थ ‘इथे लिखाण आहे, पण संगणकाचं वाचन तपासताना ते धरू नका’ एवढाच. चुन्याखालच्या जाहिरातीत ‘छाप बिडी’ स्वच्छ लागतंय, त्याआधीचा शब्द लागत नाही. तेव्हा तिथे दोन चौकटी हव्यात, एकीत `###` आणि दुसरीत ‘छाप बिडी’. कोणती बिडी ते तुम्हाला आठवत असलं तरी लिहू नका, कारण फोटोत ते नाही.

आता साच्याची सूचना. या फोटोतली खरी गंमत तिथेच आहे.

साचा कापताना ‘व’ किंवा ‘ब’ यांच्या पोटातला तुकडा सुटा होऊन पडू नये म्हणून कारागीर मध्ये पत्र्याची बारीक पट्टी ठेवतो. रंग मारल्यावर तिथे कोरी फट दिसते. देवनागरीत शिरोरेषा सलग कापली तर पत्रा लवतो, म्हणून तीही मधूनमधून तुटलेली ठेवतात. त्यामुळे ‘वाहने’मधल्या ‘ह’नंतर रेघ तुटलेली दिसते, पण तेवढ्याने ते ‘वाह’ आणि ‘ने’ असे दोन शब्द होत नाहीत. शब्दांमधली मोकळी जागा अक्षरांमधल्या जागेहून स्पष्टपणे मोठी असेल तरच स्पेस द्या. इथे ‘उभि’ आणि ‘करु’ यांच्यात ती आहे, म्हणून ते वेगळे. ‘करु’ आणि ‘नये’ यांच्यात नाही. ते चिकटून आलेत, तर तुम्हीही ‘करुनये’ असंच टाका.

डावीकडच्या छापात ‘ने’च्या डोक्यावर एक टिंब आहे, आणि तुम्ही तिथे ‘वाहनें’ वाचलंय. मधल्या छापात बघा, तिथे टिंब नाही. दोन्ही छाप एकाच साच्याचे आहेत. ‘ह’ची शेपटी दोन्हीकडे त्याच जागी तुटलेली आहे. साच्यात भोक कापलेलं असतं तर ते प्रत्येक छापात उमटलं असतं. एकाच ठिकाणी असलेलं टिंब म्हणजे रंगाचा शिंतोडा. त्याची कडाही भुरकट आहे, कापलेल्या भोकाची कडा इतकी पसरत नाही. तेव्हा तो अनुस्वार नाही, काढून टाका.

याची उलट बाजूही लक्षात ठेवा. ‘उभि’ दोन्ही छापांत ऱ्हस्वच आहे. म्हणजे ते साच्यातच तसं कापलंय, रंग कमी पडल्याने नाही. म्हणून ते ‘उभी’ करायचं नाही. ‘करु’चंही तसंच. पण ‘रु’ की ‘रू’ हे ठरवताना सवयीने टाइप करू नका, त्या शेपटीचा आकार बघा. बरेच पेंटर दोन्हींसाठी एकच आकार काढतात. इथे शेपटी आखूड आहे, खाली उतरत नाही, म्हणून ‘रु’.

दोन्ही पूर्ण छाप मग असे उतरतात:

```
येथे वाहने उभि करुनये
```

तिसऱ्या छापावर पोस्टर चिकटवलंय आणि ‘येथे वाह’ एवढंच दिसतंय. तिथे तेवढंच लिहा. पहिल्या दोन छापांवरून वाक्य कळतंय म्हणून पूर्ण करायचा मोह होतो. पण एखादं अक्षर ओळखायला दुसऱ्या छापाची मदत घेणं वेगळं, आणि जे झाकलंय ते भरणं वेगळं. कधी साचा उलटा धरून अक्षरं आरशातल्यासारखी उमटलेली भेटली, तर मजकूर सुलट लिहा आणि शेऱ्यात ‘उलटा छाप’ एवढं टाका.

कोळशाची ओळ मी अशी वाचतो: ‘आठे मुतु नका रे भो’. तुम्ही ‘येथे मुतू नका’ असं लिहून ठेवलंय, ते बदला. ‘आठे’ ही चूक नव्हे, ती अहिराणी आहे. ‘भो’ तर आपण दिवसभर ऐकतो, तो गाळायचं काही कारण नाही. आपल्याकडे हा घोटाळा फार होतो. केळीच्या वखारीवर ‘कच्ची केयी’ लिहिलेलं असतं आणि पुण्या-मुंबईकडचा सदस्य ते ‘केळी’ करून टाकतो. अहिराणीत आणि लेवा गणबोलीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो, ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, हे त्याला माहीत नसतं. ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ दिसलं तर ती बोली, हिंदी की नुसती घाई, हे भिंतीवरून सांगता येत नाही. सांगायची गरजही नाही, कारण तिन्ही बाबतींत लिहायचं ‘पानी’च. शोधण्यासाठी प्रमाण रूप हवंच असेल तर त्याचा वेगळा रकाना करा. मूळ रकान्याला हात लावू नका.

मोबाइलवरून टाइप करत असाल तर कीबोर्डच्या सेटिंगमधली आपोआप दुरुस्ती बंद करा. नाहीतर ‘उभि’ लिहून स्पेस दाबली की ‘उभी’ होतं, आणि ते तुमच्या लक्षातही येत नाही. शेवटी एकदा उलट्या क्रमाने, शेवटच्या शब्दापासून पहिल्यापर्यंत भिंतीशी ताडून बघा. सरळ वाचताना डोळा अर्थ वाचतो, अक्षर वाचत नाही.

राहिला खालच्या कोपऱ्यातला पेंटरचा मोबाइल नंबर. तो मजकूरच आहे, चौकट करा. पण आकडे उतरवू नका, `###` टाका आणि फोटोतही तेवढा भाग धूसर करा. बदामातली दोन अक्षरं राहू द्या. त्याजागी पूर्ण नावं असती तर तीही झाकली असती.