सोसायटीचे ईमेल: कोणाला टू, कोणाला सीसी, कोणाला बीसीसी?

सेक्रेटरी झाल्यावरचा पहिला ईमेल साठ सभासदांना जाणार आहे, तर सगळे पत्ते बीसीसीत टाका आणि ‘टू’मध्ये सोसायटीचा पत्ता लिहा. सीसीत टाकलेत तर प्रत्येकाचा खासगी पत्ता सगळ्यांना दिसतो, आणि एकाने ‘ठीक आहे’ असं रिप्लाय ऑल केलं की ते साठही जणांकडे पोचतं. बीसीसीत उत्तर फक्त तुमच्याकडे येतं. मेल कोणाकोणाला गेलाय हे वाचणाऱ्याला कळत नाही, म्हणून ते मजकुरातच सांगा:

‘सर्व सभासदांना कळवण्यात येते की मंगळवारी सकाळी १० ते दुपारी १ पाणी बंद राहील. शंका असल्यास याच पत्त्यावर लिहावे.’

टाकीच्या कामासाठी ठेकेदाराला लिहाल तेव्हा तो ‘टू’मध्ये आणि खजिनदार सीसीत. दोघांनाही ‘टू’त टाकलं की उत्तर कोणी द्यायचं हेच ठरत नाही. म्हणून नाव घेऊन लिहा: ‘कोटेशन शुक्रवारपर्यंत मला पाठवा. खजिनदार माहितीसाठी सीसीत आहेत.’ ठेकेदाराने तारीख बदलली तर उत्तर रिप्लाय ऑलने द्या, कारण पैशांची सोय खजिनदारांना करायची असते. नुसते आभार मात्र एकट्या ठेकेदाराला.

एक चूक हमखास होते. सभासदाच्या तक्रारीला उत्तर देताना अध्यक्षांना गुपचूप बीसीसीत ठेवलं जातं. अध्यक्षांनी रिप्लाय ऑल दाबलं की त्या सभासदाला सगळं कळतं. त्यापेक्षा पाठवलेला मेल त्यांना नंतर वेगळा फॉरवर्ड करा.