एक, दोन, तीन चौकोनांनंतर मुले पुन्हा एकच चौकोन का काढतात?

प्रश्न: मी डिचोलीजवळ बालवाडीत मोठ्या गटाला शिकवते. लाल-निळा-लाल-निळा अशा ओळी माझी सगळी मुले पूर्ण करतात. पण एक चौकोन, दोन चौकोन, तीन चौकोन अशी चित्रे दिली की चौथ्या जागी बहुतेक जण पुन्हा एकच चौकोन काढतात. वर्कशीटमध्ये काय बदलू?

उत्तर:

आपल्या मुलांचे उत्तर चुकीचे नाही, असे मी प्रथम सांगेन. एक, दोन, तीन हा पुन:पुन्हा येणारा गट मानला, तर चौथ्या जागी एकच चौकोन येणार, पाचव्या जागी दोन आणि सहाव्या जागी तीन. इतके महिने आपण मुलांना 'ओळ संपली की पहिल्यापासून सुरू करा' हाच नियम शिकवला आहे आणि तो त्यांनी प्रामाणिकपणे लावला आहे. हे चित्र वाढते आहे, हे वर्कशीटने कुठेच सांगितलेले नाही. त्यामुळे दुरुस्ती दोन ठिकाणी करावी लागेल. पुनरावृत्तीच्या वर्कशीटमध्ये मुलाला 'गट' दिसला पाहिजे, आणि वाढत्या आकृतिबंधाच्या वर्कशीटमध्ये वाढ होताना दिसली पाहिजे.

आधी पहिला भाग घेऊ, कारण खरी अडचण तिथे दडलेली असते. लाल-निळा-लाल-निळा ही ओळ गटाची काहीही कल्पना नसताना पूर्ण करता येते. शेजारच्या वर्तुळाहून वेगळा रंग भरत गेले की झाले. असे मूल नेमके कोणते, हे तपासण्यासाठी आपण लाल-निळा-निळा अशी ओळ देतो, पण पुष्कळ छापील वर्कशीटमध्ये तीही फसते. समजा ओळ अशी आहे: लाल, निळा, निळा, लाल, निळा, निळा, लाल, निळा, निळा आणि पुढे दोन रिकाम्या जागा. केवळ रंग आलटून-पालटून भरणारे मूल तिथे लाल आणि निळा भरील, आणि दोन्ही उत्तरे बरोबर येतील. तिसरी रिकामी जागा असती तरच त्याची गफलत उघडी पडली असती. याउलट तीच ओळ गटाच्या मध्येच तोडा. दोन पूर्ण गट द्या, तिसऱ्या गटातील लाल आणि एक निळा द्या आणि तिथून पुढे तीन जागा रिकाम्या ठेवा. आता पहिल्याच जागी निळा यायला हवा. आलटून-पालटून भरणारे मूल तिथे लाल भरील आणि आपल्याला लगेच कळेल. वर्कशीट बदलायला एवढे पुरते: ओळ गटाच्या शेवटी संपवायची नाही.

त्यानंतर त्याच ओळीत प्रत्येक गटाभोवती पेन्सिलीने कुंपण घालायला सांगावे. मोठ्या गटातील मुलांना हे जमते, मात्र आधी ओळ मोठ्याने म्हणून घ्यावी. मुले तांबडो-निळो-निळो म्हणाली तरी काही बिघडत नाही, उलट घरच्या बोलीत ताल लवकर सापडतो आणि प्रत्येक गटाच्या सुरुवातीला आवाज आपोआप चढतो. कुंपण बरोबर पडले, की तीच रचना वस्तू बदलून करवून घ्यावी. लाल-निळा-निळाच्या जागी बाटलीचे एक बूच आणि दोन चिंचोके, किंवा एक त्रिकोण आणि दोन वर्तुळे. ज्या मुलाला हे न सांगता जमते, त्याला गट समजला, असे मी धरते. (एप्रिलमध्ये घरोघरी काजूच्या बिया पडलेल्या असतात, पण त्या वर्गात आणू नयेत. टरफलातील तेलाने कातडी भाजते आणि मुले हात तोंडात घालतात.)

आता पुनरावृत्तीपासून वाढीकडे जाण्याचा दुवा. मी चौकोन आणि त्रिकोण हे दोनच आकार घेते, आणि रंग सुरुवातीला एकच ठेवते. पहिल्या वर्कशीटवर 'चौकोन, चौकोन, त्रिकोण' हा गट तीनदा येतो. हे मुलांच्या सवयीचे आहे. दुसऱ्या वर्कशीटवर ओळ अशी: चौकोन, त्रिकोण, मग थोडी मोकळी जागा, चौकोन, चौकोन, त्रिकोण, पुन्हा मोकळी जागा, चौकोन, चौकोन, चौकोन, त्रिकोण. मोठ्याने म्हणताना मुले तिसऱ्या गटापाशी अडखळतात, कारण ताल मोडतो. ते अडखळणेच आपल्याला हवे आहे. तिथे थांबून एवढेच विचारावे: 'प्रत्येक घरात काय सारखे आहे आणि काय बदलले?' त्रिकोण सारखाच एक राहतो, चौकोन वाढतात, हे मुलांनी स्वत:च्या तोंडाने म्हणेपर्यंत पुढे जाऊ नये.

तिसऱ्या वर्कशीटवर हेच गट उभे करायचे. खाली चौकोन आणि माथ्यावर त्रिकोण ठेवला की तो देवळापुढचा दीपस्तंभ होतो. आपल्याकडे हे चित्र मुलांना समजावून सांगावे लागत नाही. मंगेशीचा सात मजल्यांचा दीपस्तंभ अनेकांनी पाहिलेला असतो, आणि ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्या गावच्या देवळासमोर दुसरा एखादा असतोच. पहिला दीपस्तंभ एक मजल्याचा, दुसरा दोन मजल्यांचा, तिसरा तीन मजल्यांचा आणि चौथा मुलांनी बांधायचा. इथे बांधकाम आहे म्हणून वाढ हा नियम मुलांना स्वाभाविक वाटतो. तीन मजल्यांनंतर पुन्हा एक मजला काढणारे मूल आता स्वत:च थबकते. तरीही पहिल्या खेपेस तीनऐवजी चार दीपस्तंभ आयते देऊन पाचवा विचारावा, म्हणजे 'एक, दोन, तीन, पुन्हा एक' हे वाचन चित्रातच खोडले जाते.

कागदाच्या मांडणीतील एका गोष्टीकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही, म्हणून ती सविस्तर सांगते. मुलांकडून चौकोन काढून घेऊ नयेत. चार रेषा जुळवतानाच त्यांची शक्ती संपते आणि मजले मोजायचे राहून जातात. त्याऐवजी साधारण दोन सेंटिमीटरच्या चौकटींचे उभे रकाने छापावेत आणि मुलांनी त्या रंगवाव्यात, किंवा कागदाचे कापलेले चौकोन चिकटवावेत. पण उत्तराच्या रकान्यात चारच चौकटी छापल्या, तर मूल सगळ्या रंगवून मोकळे होईल आणि उत्तर बरोबर येईल, न समजता. म्हणून प्रत्येक रकान्यात सहा-सात चौकटी हव्यात, आधीच्या रकान्यांतही तेवढ्याच, आणि किती रंगवून थांबायचे हे मुलाने ठरवायला हवे. त्रिकोण वेगळा कापून द्यावा. तो कुठे ठेवायचा, हे ठरवताना मूल आपला मजला पक्का करते.

एक, दोन, तीन मजल्यांनंतर येणाऱ्या उत्तरांचे चार प्रकार मला नेहमी दिसतात, आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा असतो. एक मजला रंगवणारे मूल पुनरावृत्तीचाच नियम लावते आहे, त्याला दुसऱ्या वर्कशीटवर परत न्यावे. तीनच मजले रंगवणारे मूल शेजारच्या चित्राची नक्कल करते. त्याला तुलना करायला शिकवावे लागते, म्हणून दोन दीपस्तंभ ठोकळ्यांनी शेजारी-शेजारी उभे करून 'दुसऱ्याला पहिल्याएवढा करायचा तर किती काढू?' असे विचारावे. पूर्ण रकाना रंगवणाऱ्या मुलाकडे काही जण दुर्लक्ष करतात, पण हे मूल पुढे आहे. वाढते आहे हे त्याला कळले, किती वाढते हे अजून कळलेले नाही. त्याच्यासाठी 'नवीन मजला' वेगळ्या रंगात दाखवावा. चौथे उत्तर बरोबर, पण तिथेही 'कसे ठरवले?' हे विचारावे. 'एक-एक चढवला' म्हणणारे मूल आणि 'तीननंतर चार येतात' म्हणणारे मूल यांत फरक आहे. दुसऱ्याने कदाचित केवळ अंक म्हटले असतील. त्याला दोन मजल्यांपासून सुरू होणारी आणि दर वेळी दोन मजल्यांनी वाढणारी रचना द्यावी. तिथे अंकांची ओळ उपयोगी पडत नाही.

रंगांचा प्रश्न शेवटी ठेवला, कारण तो सर्वांत जास्त घोटाळा करतो. वाढत्या आकृतिबंधात पहिला दीपस्तंभ लाल, दुसरा निळा, तिसरा लाल असे शोभेसाठी रंगवले, तर मूल रंगांची पुनरावृत्ती पुढे नेते आणि उंची विसरते. आपल्या वर्कशीटवर असे रंग असतील तर ते आधी काढून टाकावेत. रंगाला एकच काम द्यावे: आधीचे सगळे मजले निळे आणि नुकताच चढवलेला मजला पिवळा. म्हणजे पहिल्यात एक पिवळा, दुसऱ्यात एक निळा आणि एक पिवळा, तिसऱ्यात दोन निळे आणि एक पिवळा. काय होते आणि काय नवीन आले, हे चित्रच बोलते. दोन-तीन वर्कशीटनंतर सगळे मजले एका रंगात देऊन तपासावे, कारण काही मुले 'वर पिवळा' एवढेच लक्षात ठेवतात. पुनरावृत्तीच्या वर्कशीटवरही रंग आणि आकार एकाच वेळी बदलू नयेत. लाल वर्तुळ आणि निळा चौकोन नेहमी जोडीने आले, तर मूल कोणाच्या आधाराने चालले आहे, हे आपल्याला कळत नाही. लाल आणि हिरवा ही जोडीही टाळावी. काही मुलांना, विशेषत: मुलग्यांना, हे दोन रंग वेगळे दिसत नाहीत, आणि या वयात ते कोणाच्या लक्षात आलेले नसते. झेरॉक्स काढणार असाल तर रंग छापूच नका. काळ्या-पांढऱ्या प्रतीत लाल आणि निळा जवळजवळ सारखेच करडे येतात. बाह्यरेषा छापून पहिले दोन गट मुलांसमोर खडूने रंगवून द्यावेत.

बालवाडीत मी पाच-सहा पायऱ्यांपलीकडे जात नाही आणि 'दहावा दीपस्तंभ किती मजल्यांचा?' असे विचारत नाही. २०२२ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातील पायाभूत स्तर तीन ते आठ वर्षांचा आहे, म्हणजे दुसरीपर्यंत वेळ आहे. मोठ्या गटात वेळ उरलाच, तर उलट दिशेने जावे: पाच दीपस्तंभांतील तिसरा कागदाने झाकून तो किती मजल्यांचा असेल, हे विचारावे. पुढचा सांगताना मूल फक्त शेवटच्या चित्राकडे पाहू शकते, मधला सांगताना त्याला दोन्ही बाजूंना पाहावे लागते. आपल्या वर्गात हे आधी चार-पाच मुलांच्या छोट्या गटाबरोबर ठोकळ्यांनी करून पाहा आणि वर्कशीट त्यानंतर छापा.