गुराख्याच्या चिठ्ठीत काय असावं?

प्रश्न: "आमच्या गोठ्यातले जुने काका पुढच्या महिन्यात काम सोडताहेत. चौदा गाई मी सांभाळणार. प्रत्येकीच्या सवयी, दुखणी लिहून देतो म्हणालेत. त्यांच्याकडून नेमकं काय लिहून घेऊ?"

अशी चिठ्ठी मी एकदा घेतली आहे आणि एकदा दिली आहे. घेतलेल्या चिठ्ठीत एका गाईपुढे 'लाथ मारते' एवढंच होतं. मी तिचे मागचे पाय बांधून धार काढू लागलो. ती निम्मं दूध वर चढवायची. पुढे कळलं की तिच्या मागच्या उजव्या सडाला जुनी जखम होती, आणि आधीचे गुराखी तो सड शेवटी हातात घ्यायचे. मी सुरुवातच त्याच्यापासून करत होतो. घाबरलेली किंवा दुखावलेली गाय पान्हा सोडत नाही, आणि सोडलेला पान्हाही पाच-सात मिनिटंच टिकतो. म्हणून सवय लिहिताना तिच्यामागचं कारण आणि त्यावर काका काय करतात, हे दोन्ही लिहून घ्या.

आजाराचं नुसतं नाव लिहू देऊ नका. 'मागच्या वेताला दुग्धज्वर' ही ओळ ऐन वेळी उपयोगाची नाही. मी माझ्यानंतरच्या मुलासाठी तांबडीबद्दल असं लिहिलं होतं:

"चौथं वेत. रात्री नऊला व्याली, वार वेळेत पडली. सकाळी सातला गव्हाणीपासून लांब उभी. कान गार, रवंथ नाही, मागचे पाय जड टाकत होती. अकराला बसली, मान कुशीकडे वळवली. डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियम दिलं, दोन तासांत उठली. मी सातलाच बोलवायला हवं होतं."

पुढच्या वेताला त्या मुलाने कान गार लागताच डॉक्टरांना बोलावलं. तांबडी बसलीच नाही. हा आजार बहुधा व्यायल्यापासून तीन दिवसांत येतो, वाढत्या वेताबरोबर त्याचा धोका वाढतो आणि एकदा झालेल्या गाईला तो पुन्हा गाठू शकतो. यात ताप नसतो, उलट अंग थंड पडतं. 'ताप नाही, म्हणजे ठीक आहे' असं समजून माणसं इथेच फसतात. अशा गाईला तोंडाने काही पाजू नका. तिला नीट गिळता येत नाही, औषध फुप्फुसात जातं. शिरेतलं कॅल्शियमही घाईने गेलं तर हृदय बंद पडू शकतं, ते काम डॉक्टरांचंच.

आता रोजच्या दिनक्रमाबद्दल. वेळापत्रक तुम्ही दोन दिवसांत शिकाल. काकांकडून घ्यायचं ते प्रत्येकीचं 'नेहमीचं'. ती आत कितवी येते, रवंथ करत कुठे बसते, शेण एरवीच कुणाचं पातळ असतं, दोन्ही वेळचं दूध किती. निरोगी गाय दिवसातून सात-आठ तास रवंथ करते. पण एखादी एरवी पहिली येणारी आज मागे राहिली, तर तो फरक फक्त नेहमीचं माहीत असलेल्यालाच दिसतो. शंका आली की ताप पाहा. मोठ्या गाईचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं.

धारेचा क्रम मात्र कारणासकट लिहून घ्या. आमच्याकडे पहिल्या वेताच्या गाई आधी, मग बाकीच्या निरोगी गाई, आणि जुना कासदाह असलेली गौरी सगळ्यांत शेवटी. तिचा मागचा डावा सड बरा दिसतो, पण दर वेळी पहिल्या दोन-तीन धारा काळ्या भांड्यात काढून गाठी बघाव्या लागतात. ती मधे घेतली तर हातांनी किंवा यंत्राने तेच दुखणं पुढच्या गाईला जातं. कुठल्या सडात कोणतं औषध कधी सोडलं आणि दूध किती दिवस वेगळं काढायचं, हेही तारखेनिशी घ्या. गाभण गाई आटवायच्या तारखा त्याच पानावर, व्यायच्या साधारण साठ दिवस आधीच्या.

आणखी एक. काका गोठ्यात असतानाच चिठ्ठी हातात घेऊन प्रत्येक गाईसमोर उभे राहा. घरी बसून लिहिताना त्यांना जे आठवणार नाही, ते तिच्या अंगावर हात ठेवताच आठवेल. शक्य असेल तर एखादी गाय व्याईपर्यंत त्यांना थांबवून घ्या. आणि ते गेल्यावर पहिला आठवडाभर दूध थोडं कमी आलं तर लगेच खाद्य बदलू नका. त्या तुमच्या हाताला सरावत असतात. फक्त एकाच गाईचं उतरलं असेल, तर त्या दिवशी तिची कास, ताप आणि रवंथ तपासा.