कॅबर्ने, मेर्लो की पिनो न्वार: आधी तुरटपणा ओळखा

प्रश्न: इंदूरला राहतो. डिसेंबरात घरी सहा जणांचं जेवण आहे, बेत गराडू, दाल-बाफले आणि मटणाचा. दुकानात रेड वाइन बघितल्या तर कॅबर्ने, मेर्लो आणि पिनो न्वार अशी नावं दिसतात. या द्राक्षांच्या चवीत नक्की फरक काय, आणि यातलं निवडायचं कसं?

उत्तर:

तुमच्या बेतासाठी एक बाटली पिनो न्वार आणि दोन बाटल्या मेर्लो घ्या. मटण तिखट असेल तर कॅबर्ने या वेळी राहू द्या. असं का, ते आता सविस्तर सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी बेत बदलला तरी तुम्हाला स्वतःच ठरवता येईल.

लोक आधी वास शोधायला जातात. कुणी म्हणतं काळ्या बेरीचा वास येतो, कुणी म्हणतं चेरीचा, आणि नवीन माणसाला यातलं काहीच सापडत नाही. माझ्या मते या तिघांना ओळखायची आणि निवडायची खरी खूण म्हणजे तुरटपणा. तो समजून घ्यायला वाइनही लागत नाही. दोन कप चहा करा, दोन्हींत चमचाभर पत्ती, दूध-साखर नको. पहिला दोन मिनिटांनी गाळा, दुसरा आठ मिनिटांनी. दुसऱ्याचा घोट घेतल्यावर हिरड्या कोरड्या पडतात, जीभ गालाला आतून घासल्यासारखी वाटते. हे काम टॅनिन नावाच्या तुरट घटकाचं. ते लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं, म्हणून तोंडातला बुळबुळीतपणा जातो. त्याच चहात दूध घातलं की तुरटपणा कमी होतो, कारण टॅनिनला धरायला दुधातली प्रथिनं मिळतात. वाइन आणि जेवण यांचं निम्मं गणित एवढ्यातच आहे.

वाइनमध्ये टॅनिन येतं ते मुख्यतः द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून. रेड वाइन करताना रस सालीसकट आंबवतात, म्हणून साल किती जाड आणि मणी केवढा, यावर बरंच अवलंबून असतं. बाजारात खायला मिळणारी काळी द्राक्षं इथे डोळ्यांसमोर आणू नका. ती मोठी, पातळ सालीची आणि बिनबियांची असतात. वाइनची द्राक्षं बारीक, बियांची आणि जास्त गोड असतात.

कॅबर्ने सोव्हिन्योंचा मणी छोटा, साल जाड. रसाच्या मानाने साल आणि बिया जास्त, म्हणून रंग गडद आणि तुरटपणा सर्वांत जास्त. चव काळ्या करंटसारखी, काळसर फळाची. द्राक्ष पुरतं पिकलं नसेल तर त्यात शिमला मिरची चिरल्यावर येतो तसा हिरवा वास येतो. तो द्राक्षातल्याच एका घटकाचा असतो आणि ऊन मिळून फळ पिकत गेलं की कमी होतो. थोडा असला तर तो या जातीचा स्वभाव समजा, पण तोच वास पुढे पुढे करत असेल आणि घोट कडवट, पातळ लागत असेल, तर फळ कच्चं तोडलेलं आहे.

मेर्लोचा मणी जरा मोठा, साल पातळ, आणि हे द्राक्ष कॅबर्नेच्या आधी पिकतं. चव पिकलेल्या आलूबुखाऱ्याची, तुरटपणा मधला आणि गोलसर. ही दोन्ही द्राक्षं एकाच घरातली आहेत, दोघांचंही एक पालक कॅबर्ने फ्रँक. फ्रान्समधल्या बोर्दो भागात ती एकमेकांत मिसळतात ती याचसाठी: कॅबर्ने वाइनला ताठ कणा देतं, मेर्लो मधली पोकळी भरून काढतं. लेबलवर नुसतं ‘कॅबर्ने’ असेल तर पुढचा शब्द वाचा. सोव्हिन्यों आणि फ्रँक ही वेगळी द्राक्षं, आणि आपल्याकडे बरेचदा मिळते ती ‘कॅबर्ने शिराझ’ म्हणजे मिश्रण. त्यात शिराझ या दुसऱ्या द्राक्षाची मिरीसारखी चव मिसळलेली असते, तिच्यावरून निव्वळ कॅबर्नेचा अंदाज बांधू नका.

पिनो न्वार या दोघांपेक्षा वेगळ्याच घराण्याचं, फ्रान्समधल्या बर्गंडीचं. साल पातळ, घोस घट्ट, म्हणून ओल धरली की लवकर सडतं. त्याला थंड हवा मानवते. रंग फिका, तुरटपणा कमी, पण आंबटपणा ठसठशीत. चव लाल चेरी, स्ट्रॉबेरी, रासबेरीची, आणि बाटलीत काही वर्षं राहिली की ओली माती आणि मशरूमची छटा येते. उष्ण जागी पिकवलं तर आंबटपणा उतरतो आणि फळाची चव जॅमसारखी शिजलेली लागते.

तिन्ही ग्लास शेजारी असतील तर वर्तमानपत्रावर ते तिरपे धरून बघा. ताज्या पिनोतून अक्षरं बहुतेक वाचता येतात, कॅबर्नेतून मध्यभागी काहीच दिसत नाही, मेर्लो या दोघांच्या मध्ये. मग लहान घोट घ्या, वरच्या हिरडीवरून फिरवा, गिळा आणि दहापर्यंत मोजा. त्यानंतर जीभ हिरडीवरून फिरवा. कॅबर्नेनंतर ती अडखळते आणि कोरडेपणा रेंगाळतो. मेर्लोत कोरडेपणा येतो पण लवकर विरतो. पिनोत हिरडी गुळगुळीतच राहते, उलट गालांच्या मागून लाळ सुटते. ती लाळ आंबटपणाची, आणि तुरट व आंबट यांतला फरक याच क्षणी कळतो. व्हॅनिला, लवंग किंवा नारळ असा वास आला तर तो द्राक्षाचा समजू नका. तो ओकच्या पिंपातून येतो आणि तिन्हींत असू शकतो.

आता तुमचा बेत. गराडू म्हणजे तळलेला कंद, वर जिरावन मसाला आणि लिंबू. लिंबाच्या आंबटपणापुढे कमी आंबट वाइन एकदम सपाट लागते, आणि मसाल्यावर तुरटपणा चढला की तोंडात कडवटपणा उरतो. पिनोत आंबटपणा भरपूर, टॅनिन कमी, म्हणून ती इथे चपखल बसते, आणि तेलकटपणाही कापते. बाटली 750 मिलिलिटरची असते, म्हणजे सहा जणांना बरोबर 125 मिलिलिटरचा एकेक ग्लास.

दाल-बाफल्यात तुपाने न्हालेला बाफला आणि मसालेदार, आंबटसर तुरीची डाळ. तुपाची चरबी आणि डाळीतली प्रथिनं यांमुळे मध्यम तुरटपणा मऊ लागतो, म्हणून मेर्लो. कॅबर्नेही चालली असती, पण बाफल्याबरोबर हिरवी चटणी आली की वाइनची मजा जाते. आणि एक गोष्ट नक्की सांभाळा: चुरम्याचा लाडू येण्याआधी ग्लास रिकामा करा. गोड खाऊन कोरड्या, म्हणजे गोडवा नसलेल्या, रेड वाइनचा घोट घेतला तर ती आंबट आणि खरखरीत लागते. मग माणूस बाटलीला नावं ठेवतो, खरा दोष मात्र क्रमाचा असतो.

मटणाची निवड तिखटावर ठरवा. मटणाची प्रथिनं आणि चरबी कॅबर्नेला फार मानवतात, म्हणूनच भाजलेलं, मिरी-मिठाचं मटण तिच्याबरोबर सुरेख लागतं. पण लाल तर्रीच्या रश्श्यात मिरचीची जळजळ असते. टॅनिन आणि मद्यार्क दोन्ही ती जळजळ वाढवतात. 14 किंवा 14.5 टक्के मद्यार्काच्या कॅबर्नेवर असा रस्सा म्हणजे तोंडात आग. 13 टक्क्यांच्या आसपासची, कमी ओकची मेर्लो घ्या. रस्सा फारच जहाल असेल तर तिखट कमी करा, कारण अशा रश्श्याला यातली एकही वाइन पुरी पडत नाही. मटण शिजल्यावर वाटीभर रस्सा घेऊन आधी वाइनचा घोट, मग रस्सा, मग पुन्हा घोट असं एकदा करून बघा. दुसरा घोट पहिल्यापेक्षा कडू किंवा गरम लागला तर जोडी जमली नाही असं समजा.

पैशांबद्दल एक मत स्पष्ट सांगतो. आपल्याकडे मिळणाऱ्या पिनोच्या बहुतेक बाटल्या बाहेरून येतात आणि स्वस्त पिनोत फसायला होतं. वेलीवर फार फळ धरलं की या पातळ सालीच्या द्राक्षाची वाइन पाणचट होते. बजेट कमी असेल तर पिनोचा हट्ट सोडा, तिन्ही बाटल्या मेर्लोच्या घ्या आणि गराडूबरोबरची बाटली जरा जास्त थंड करा. पिनोचा आंबटपणा तिला येणार नाही, पण मध्यम मेर्लो फिक्या पिनोपेक्षा जास्त समाधान देते.

बाटली घेताना दुकानात ती कुठे ठेवली होती ते बघा. काचेजवळ, उन्हात उभी असेल तर नको. बूच तोंडाच्या वर उचललं गेलं असेल किंवा झाकणाखाली चिकट ओघळ असेल तर ती उष्णतेने फुगलेली आहे. अशी वाइन शिजलेल्या फळासारखी लागते. उघडल्यावर भिजलेल्या पुठ्ठ्याचा कुबट वास आला तर दोष बुचाचा. तो हवेत ठेवून जात नाही, बाटली बदलून घ्या.

रेड वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ द्यावी हा सल्ला थंड देशातल्या खोल्यांचा आहे. पिनोला 13 ते 15 अंश, मेर्लोला 15 ते 17, कॅबर्नेला 16 ते 18 अंश चांगले. डिसेंबरात घरात 22 अंश असतील तर मेर्लो तासभर आणि पिनो साधारण सव्वा तास फ्रीजमध्ये ठेवा. मे महिन्यात हेच दोन तासांवर जातं. घाई असेल तर बादलीत बर्फ आणि पाणी दोन्ही घाला. नुसता बर्फ बाटलीला सगळीकडून लागत नाही. फार गार झाली तर तुरटपणा टोचतो, फार गरम राहिली तर आधी मद्यार्कच नाकात जातो.

उरलेली बाटली बूच लावून फ्रीजमध्ये उभी ठेवा. पिनो दुसऱ्या दिवशी संपवा. मेर्लो दोन-तीन दिवस बरी राहते, प्यायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा.