दोन गर्भपिशव्या आणि आईच्या मनातलं ग्रहण

"मॅडम, सोनोग्राफीत माझ्या पोरीला दोन गर्भपिशव्या निघाल्या. मला सातवा महिना असताना ग्रहण होतं, अन् मी भाजी चिरली होती जी. त्याच्यानंच झालं का? तिला लेकरू होईल का?"

नागपुरात हा प्रश्न मी वेगवेगळ्या आयांकडून ऐकत आले आहे. कुणी ग्रहणाला धरतं, कुणी पपईला. बोट मात्र प्रत्येकीचं स्वतःकडेच असतं. ही आई सक्करदऱ्याची, सोबत चोवीस वर्षांची, नुकतंच लग्न झालेली मुलगी. (ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.)

"तुमचा दोष नाही" एवढं म्हणून अशी आई मोकळी होत नाही. प्रत्यक्षात काय घडलं हे कळल्याशिवाय ती मनातलं कारण सोडत नाही, असं माझं ठाम मत आहे. म्हणून मी गर्भाची घडण आठवड्यांच्या हिशेबाने सांगते.

गर्भ सहा आठवड्यांच्या आसपास असताना त्याच्यात दोन बाजूंना दोन बारीक नळ्या तयार होतात. त्यांना म्युलेरियन नलिका म्हणतात. त्या मुलग्यातही असतात, पण वृषणातून येणारं एक हार्मोन तिथे त्यांना जिरवून टाकतं. मुलीत त्या वाढत खाली उतरतात, मधोमध येतात आणि आठव्या-नवव्या आठवड्यापासून त्यांचे खालचे भाग जुळू लागतात. वरचे भाग सुटेच राहतात, त्या बीजवाहिन्या. जुळलेल्या भागातून गर्भपिशवी, तिचं तोंड आणि योनीमार्गाचा वरचा भाग घडतो. मधली भिंत मग विरत जाते. विसाव्या आठवड्याच्या सुमारास ते काम आटोपतं.

दोघींना मी हात समोर उभे धरायला सांगितले. कोपरापासून मनगटापर्यंत जोडायचे, पंजे बाहेरच्या बाजूला उघडे. पंजे म्हणजे बीजवाहिन्या, जोडलेले हात म्हणजे पिशवी.

मुलीने थोडा वेळ पाहिलं आणि जोडलेले हात सावकाश वेगळे केले. "म्हणजे माझ्यात जास्तीचं काही आलं नाही. एकाचेच दोन भाग वेगळे राहिले."

रिपोर्ट हाती आल्यापासून ती स्वतःला विचित्र समजत होती. ते ओझं तिने स्वतःच उतरवलं, आणि तशा क्षणी समुपदेशकाने गप्प बसावं. मग आईने विचारलं, "हे जुळणं कितव्या महिन्यात होते?"

"तिसऱ्या. भिंत विरते पाचव्यापर्यंत."

"अन् ग्रहण तर सातव्यात होतं!" हिशेब तिचा तिनेच केला. ग्रहण तिसऱ्या महिन्यात असतं तरी गर्भाला काही झालं नसतं, हेही मी लगेच सांगितलं. नाहीतर अपराध फक्त मागच्या महिन्यात सरकतो. नळ्या का जुळल्या नाहीत, याचं नेमकं कारण बहुतेक मुलींत सापडत नाही.

लेकराचा प्रश्न रिपोर्टमधल्या 'दोन' या शब्दावर सोडवता येत नाही. नळ्या जुळल्याच नाहीत तर दोन पिशव्या आणि बहुधा दोन तोंडं. अर्धवट जुळल्या तर वरून खाच पडलेली एक पिशवी. जुळल्या पण भिंत विरली नाही, तर बाहेरून एकच पिशवी आणि आत पडदा. पडद्यात गर्भपाताचा धोका जास्त असतो. गरज पडल्यास तो दुर्बिणीने, पोटावर छेद न घेता कापता येतो. पण खाच असलेल्या पिशवीला पडदा समजून कापायला गेलं तर पिशवीला भोक पडू शकतं. रंगद्रव्य घालून काढलेल्या एक्स-रेत फक्त आतली पोकळी दिसते, म्हणून बाहेरचा आकार दाखवणारी थ्रीडी सोनोग्राफी किंवा एमआरआय लागते.

या मुलीच्या एमआरआयमध्ये दोन वेगळ्या पिशव्या आणि दोन तोंडं दिसली. अशा पिशव्या जोडण्याचं ऑपरेशन सहसा करत नाहीत. बीजकोश या नळ्यांपासून बनत नाहीत, त्यामुळे तिची पाळी आणि बीज तयार होणं नेहमीसारखंच होतं. दिवस राहू शकतात. पण प्रत्येक पिशवी लहान असल्याने बाळ वेळेआधी येण्याचा आणि पायाळू असण्याचा संभव वाढतो, हे मी लपवलं नाही. दिवस राहताच ही फाइल डॉक्टरांना दाखवायची. तपासण्या जास्त होतील, मात्र सिझेरियन ठरलेलंच असं नाही.

किडन्यांची सोनोग्राफीही करायला सांगितली. किडनीची घडण या नळ्यांच्या शेजारीच सुरू होते, म्हणून कधी एका बाजूची किडनीच नसते. त्याच बाजूचा योनीमार्ग बंद असेल तर पाळीचं रक्त आत साठतं आणि दर पाळीला दुखणं वाढत जातं. हिला तसं दुखत नव्हतं, आणि किडन्या दोन्ही निघाल्या.

निघताना मुलीने विचारलं, सध्या मूल नको असेल तर तांबी बसवता येईल का? एका पिशवीतली तांबी दुसऱ्या पिशवीतला गर्भ रोखत नाही. त्यामुळे गोळ्या किंवा निरोध बरा, आणि तांबीच हवी असेल तर बसवणाऱ्या डॉक्टरांना दोन्ही पिशव्यांबद्दल आधी सांगायचं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी होईल तेव्हाही नमुना दोन्ही तोंडांतून घ्यायला लावायचा.