खानावळीत आजारी माणसाला कधी घरी पाठवायचं, कधी परत घ्यायचं?

प्रश्न: पुण्यात आमची छोटी खानावळ आहे, सात माणसं कामाला. गेल्या आठवड्यात पोळ्या करणाऱ्या मावशी जुलाब होत असताना दोन दिवस कामावर येत होत्या, आम्हाला नंतर कळलं. आता नियम करायचाय. कुणाला घरी थांबवायचं, परत कधी घ्यायचं? सर्दी-खोकल्यालाही घरी पाठवलं तर खानावळ बंदच पडेल.

उत्तर:

मावशींवर रागावू नका. एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली, हे गणित त्यांनी तुमच्या आधी केलेलं असतं. मी बावीस वर्षं कँटीनं चालवतोय. पहिली काही वर्षं माझ्याकडेही भिंतीवर कडक नियम लावलेला होता, पण कुणी कधी आजारीच पडायचं नाही! उलटी-जुलाबाच्या सुट्टीचे पैसे कापायचे नाहीत असं ठरवलं आणि महिन्याभरात दोघांनी आपणहून फोन केले. तेव्हा पहिलं कलम हे लिहा: पोट बिघडल्याचं कळवून घरी थांबलेल्याची दोन दिवसांची मजुरी मिळेल. हे जमणार नसेल तर बाकीचं लिहून फार उपयोग नाही.

दुसरी गोष्ट, नियम रोगाच्या नावावर नको, लक्षणावर हवा. सकाळी साडेसहाला ‘मला नोरोव्हायरस झालाय’ असं कोण सांगणार? जुलाब, उलटी, कावीळ, ताप, तापासोबत घसादुखी, पू धरलेली जखम किंवा केसतोड, कान-नाक-डोळ्यातून वाहणारा स्राव, एवढीच यादी. एफएसएसएआयच्या नियमावलीतल्या अनुसूची 4 मध्येही जवळपास हीच आहे, त्यामुळे तपासणीला कुणी आलं तरी तुमची बाजू भक्कम.

यातल्या उलटी-जुलाबाला तडजोड नाही. माणूस थेट घरी. ‘आज पोळ्या नको, भांडी घास’ हा मधला मार्ग वाटतो, पण तो माणूस तोच संडास वापरतो, तोच नळ, फ्रिजची तीच मूठ. मावशींच्या बाबतीत तर पोळी तव्यावर भाजली म्हणून निश्चिंत होता येत नाही, कारण भाजल्यानंतर तूप लावून, घडी घालून ती हातानंच डब्यात जाते. कोशिंबीर, चटणी, कापलेला कांदा यांना तर विस्तव लागतच नाही.

परत कधी? शेवटची उलटी किंवा शेवटचा जुलाब, तिथून पुढे 48 तास. हा आकडा मी ब्रिटनच्या अन्न-नियमांवरून घेतलाय. अमेरिकेच्या फूड कोडमध्ये साधारण 24 तास आहेत, पण बरं वाटू लागल्यावरही नोरोव्हायरससारखे जंतू शौचातून पडत राहतात, म्हणून मी मोठा आकडा धरतो. घड्याळ घरी गेल्यापासून लावायचं नाही, लक्षण थांबल्यापासून लावायचं, आणि गल्लत नेमकी इथेच होते. समजा मावशी मंगळवारी सकाळी घरी गेल्या. दुपारी बरं वाटलं, पण रात्री अकराला पुन्हा एकदा जावं लागलं. तर 48 तास गुरुवारी रात्री अकराला पुरे होतात, म्हणजे त्या शुक्रवारी सकाळी येतील. ‘मंगळवार, बुधवार झाले की दोन दिवस’ असं मोजलंत तर त्या गुरुवारी सकाळीच कणीक मळायला बसतील. आणि विचारायचंच: जुलाब थांबवायची गोळी घेतली होती का? त्या गोळीनं जुलाब थांबतात, जंतू नव्हे. गोळीचा असर ओसरल्यावर पोट शांत असेल, तिथून तास मोजा. यासाठी डॉक्टरच्या चिठ्ठीचा आग्रह मी धरत नाही, दोनशे-तीनशे रुपये घालून आणलेल्या ‘फिट’च्या चिठ्ठीनं 48 तासांचे 24 होत नाहीत. परतल्यावर हात साबणानंच धुवायला लावा, सॅनिटायझरला नोरोव्हायरस फारसा दाद देत नाही.

कावीळ आणि टायफॉइडला मात्र चिठ्ठी हवीच. डोळे पिवळे दिसले की त्याच दिवशी घरी. काविळीची कारणं अनेक असतात, पित्ताशयातल्या खड्यानंही होते, ते डॉक्टर सांगतील. हिपॅटायटिस ए निघाला तर पिवळेपणा दिसल्यापासून किमान सात दिवस आणि वर डॉक्टरची परवानगी. या रोगाची वाईट गोष्ट अशी की डोळे पिवळे होण्याआधीचे दोन आठवडे माणूस जंतू पसरवतच असतो, म्हणून तुमच्याकडे जेवणाऱ्यांना कळवायचं का, हेही त्याच डॉक्टरला विचारा. टायफॉइडमध्ये ताप उतरणं म्हणजे मोकळीक नव्हे. अँटिबायोटिक संपल्यानंतर शौचाच्या तपासण्या स्वच्छ आल्या पाहिजेत, किती आणि किती अंतरानं ते डॉक्टर ठरवतील. काहींच्या अंगात हा जंतू वर्षानुवर्षं गप्प राहतो. न्यूयॉर्कची स्वयंपाकीण मेरी मॅलन स्वतः ठणठणीत होती. 1907 साली ती सापडली, 1910 मध्ये पुन्हा स्वयंपाक करणार नाही या बोलीवर सुटली, आणि 1915 मध्ये नाव बदलून एका प्रसूतिगृहाच्या स्वयंपाकघरात मिळाली, तिथे 25 जणांना टायफॉइड झाल्यावर. स्वयंपाकाइतके पैसे तिला दुसऱ्या कामात मिळत नव्हते. पुन्हा मजुरीच.

आता तुमची सर्दी. नुसतं नाक चोंदलंय, ताप नाही, तर घरी पाठवू नका. उघड्या अन्नावरून काढून गल्ल्यावर किंवा न चिरलेली भाजी निवडायला बसवा. सतत शिंका-खोकला, नाक वाहतंय, तर भटारखान्याच्या बाहेर. ताप असेल तर घरी, आणि औषधाशिवाय पूर्ण दिवस ताप नसेल तेव्हा परत.

जखमेकडे मात्र लोक कानाडोळा करतात, म्हणून माझाच किस्सा सांगतो. आमच्या एका हेल्परच्या बोटाला चिरा पडून पू झाला होता, वर चिंधी बांधलेली. त्यानं सकाळी उकडलेले बटाटे सोलले, ते परातीत दुपारपर्यंत तसेच राहिले, मग फोडणी देऊन भाजी झाली. जेवणानंतर तीनेक तासांत एकामागून एक अकरा जणांना उलट्या. ताप जवळजवळ कुणाला नव्हता. असं झटपट आणि उलट्यांनीच सुरू झालं की संशय स्टॅफिलोकोकसवर जातो. पुवातला हा जंतू उबदार अन्नात विष तयार करतो आणि ते विष उकळूनही जात नाही. आमची फोडणी चुरचुरीत होती, काही फरक पडला नाही. तेव्हापासून साध्या कापल्यावर पाणी न शिरणारी पट्टी आणि वर हातमोजा, मग काम चालू. हातावर पू दिसला तर जखम सुकून खपली धरेपर्यंत अन्नाला हात नाही, गल्ला सांभाळायचा.

कळवायची पद्धतही ठरवा. कामावर येऊन नव्हे, निघायच्या आधी फोन. आणि फोन तुम्हालाच नको, कारण मालकाला ‘जुलाब होतायत’ सांगायला बायका लाजतात. तुमच्यातल्या एखाद्या जुन्या ताईंना हे काम द्या. एका वहीत नाव, लक्षण, शेवटचं लक्षण कधी (तारीख नव्हे, वेळ), परत कधी, आणि परत घेताना ताईंची सही. घरात कुणाला कावीळ किंवा टायफॉइड असेल तर तेही सांगायला लावा.

सात माणसांत एक कमी झाली की आयत्या वेळी पोळ्या कुठून आणायच्या, हे आजच ठरवून ठेवा. मी जवळच्या एका पोळी-भाजी केंद्राशी बोलून ठेवलंय, सकाळी आठपर्यंत सांगितलं तर ते साठ पोळ्या देतात. महाग पडतात आणि आमच्या मावशींच्या पोळीची सर नाही, पण त्या दिवशी तेच वाढतो.