‘वादी’ कुठे, ‘मी’ कुठे?

प्रश्न: भावकीतल्या बांधाच्या वादात मी मनाईचा दावा लावते आहे. तूर्तातूर्त मनाईच्या अर्जासोबतचं नऊ परिच्छेदांचं प्रतिज्ञापत्र वकिलांच्या कारकुनाने टाइप करून पाठवलंय. त्यात कुठे ‘वादी हिने’, कुठे ‘मी’, शेवटी तर ‘मी कथन करतो’. काळही सारखा बदलतो. सही परवा आहे. मी भाषा सुधारली तर चालेल का? मी साताऱ्यात राहते, बांध फोडला तेव्हा गावी नव्हते.

उत्तर: ताई, सही झालेली नाही, तोवर जरूर सुधारा. एकदा शपथेवर सही झाली की पेनने ‘होती’चं ‘आहे’ करायचं नाही. मग नवं प्रतिज्ञापत्र किंवा अधिकचं प्रतिज्ञापत्र करावं लागतं.

हा घोळ कसा होतो ते सांगतो. दावा तृतीयपुरुषी लिहितात आणि तिथे ‘वादी’ बरोबरच आहे. कारकून तोच मजकूर प्रतिज्ञापत्रात चिकटवतो. प्रतिज्ञापत्र मात्र शपथेवर तुम्ही बोलता, म्हणून तिथे ‘मी’ हवं. संगणकावर ‘वादी’च्या जागी ‘मी’ असं एकगठ्ठा बदलू नका, ‘प्रतिवादी’चं ‘प्रतिमी’ होतं. मी ते छापून आलेलं पाहिलंय. ‘कथन करतो’ हे कुणा पुरुषाच्या जुन्या नमुन्यातून आलंय, ते ‘करते’ करा.

आता काळ. तुमच्या तिसऱ्या परिच्छेदात आहे: ‘सदर जमीन वादी हिला वाटपात मिळालेली असून ती तिचे कब्जात होती.’ या ‘होती’वर समोरचे वकील विचारतील, म्हणजे आता नाही ना? तूर्तातूर्त मनाईत आजचा कब्जा दाखवावा लागतो. म्हणून, आणि तसं खरंच असेल तरच, असं लिहा: ‘सदर जमीन मला वाटपात मिळाली. ती आजही माझ्या कब्जात आहे.’ घडून गेलेली गोष्ट भूतकाळात आणि आजची स्थिती वर्तमानकाळात, एवढं धरलं की बहुतेक परिच्छेद सुधारतात.

खरी अडचण सहाव्या परिच्छेदात आहे: ‘दि. 14 जून रोजी प्रतिवादी बांध फोडतात व मी त्यांना अडवले.’ ‘फोडतात’चं ‘फोडला’ करणं सोपं आहे. पण तुम्ही तिथे नव्हता, मग अडवलं कोणी? ही भाषेची चूक नाही, खोटं विधान आहे. ते शपथेवर गेलं तर उलटतपासणीत तुमचा सगळा दावाच संशयात येईल. ते वाक्य काढा. भावाने कळवलं असेल तर तसंच लिहा: ‘14 जून रोजी प्रतिवादींनी उत्तरेकडील बांध फोडला, असे माझ्या भावाने मला त्याच संध्याकाळी फोनवर सांगितले. ते मी खरे मानते.’ नंतर तुम्ही स्वतः जाऊन फुटका बांध पाहिला असेल, तर तो सातव्या परिच्छेदात वेगळा, तुमच्या नावावर येऊ द्या. ‘उरलेला बांध फोडण्याची धमकी देत आहेत’ हे मात्र वर्तमानकाळातच हवं, कारण मनाई पुढच्या कृत्याला असते. सगळा बांध फुटून गेला असेल, तर नुसती मनाई पुरणार नाही. तो पूर्ववत करून देण्याची मागणी वकिलांशी बोलून घाला.

आता शेवटचं सत्यापन. ‘परिच्छेद 1 ते 9 मधील मजकूर माझ्या माहिती व समजुतीप्रमाणे खरा आहे’ हे वाक्य आपल्याकडे वर्षानुवर्षं चालत आलंय. मराठीत ‘माहिती’ म्हणजे स्वतःला ठाऊक असलेलंही आणि दुसऱ्याने सांगितलेलंही. नेमका हाच फरक कायद्याला हवा असतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 19, नियम 3 प्रमाणे प्रतिज्ञापत्रात स्वतःला ठाऊक असलेल्या गोष्टीच याव्यात. अंतरिम अर्जात ऐकीव गोष्ट खरी मानत असल्याचं लिहिता येतं, पण तसं मानायला आधार काय तो द्यावा लागतो. 1952 मध्ये मुंबई राज्य विरुद्ध पुरुषोत्तम जोग नाईक या खटल्यात सरकारी सचिवांनी सरसकट सगळंच ऐकीव माहिती व विश्वासावर खरं असल्याचं लिहिलं होतं. प्रतिज्ञापत्रात तर काही गोष्टी त्यांना स्वतःला ठाऊक असल्याचं दिसत होतं. असं ढिसाळ सत्यापन केल्यास प्रतिज्ञापत्र फेटाळलंही जाऊ शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने सुनावलं.

तुमचं असं करता येईल: ‘परिच्छेद 1 ते 5, 7 व 8 मधील मजकूर मला स्वतःला ठाऊक असून खरा आहे. परिच्छेद 6 मधील मजकूर माझ्या भावाकडून मिळालेल्या माहितीवर आधारित असून तो मी खरा मानते. परिच्छेद 9 मधील मजकूर मला मिळालेल्या कायदेशीर सल्ल्यावर आधारित आहे.’ खाली ठिकाण आणि तारीख सही करता त्या दिवसाचीच घाला. हे आकडे अगदी शेवटी भरा. मध्ये एक परिच्छेद वाढला की भावाने सांगितलेलं तुमच्या डोळ्यांदेखत घडल्यासारखं होतं.

भावाचं वेगळं प्रतिज्ञापत्रही सोबत जोडा. दाव्याच्या सुनावणीत तुमचा सहावा परिच्छेद पुरावा म्हणून उभा राहणार नाही. तिथे त्यालाच साक्षीला यावं लागेल.